२.८ हा नेमका कुणाचा आकडा?

हाताखालच्या माणसाला केबिनमध्ये बोलावून ‘माझ्याबद्दल तुझं मत काय?’ असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सर, सगळं छान आहे.’ त्याची पगारवाढ तुमच्या सहीवर अवलंबून असते, दुसरं काय बोलणार तो? म्हणून विचारायचं ते कामाबद्दल, आणि तेही आदल्या दिवशी सांगून: ‘सोमवारच्या बैठकीत मी कोणती एक गोष्ट वेगळी केली तर तुझं काम सोपं होईल?’ या प्रश्नाला त्याला खरं उत्तर देता येतं.

कंपनीचा ‘थ्री-सिक्स्टी’ अहवाल हेच निनावी पद्धतीनं करतो. वरिष्ठ, बरोबरीचे, कनिष्ठ आणि आपण स्वतः अशा चौघांकडून गुण येतात. कनिष्ठांपैकी तिघांपेक्षा कमी जणांनी फॉर्म भरला, तर बहुधा त्या गटाचा आकडा वेगळा दाखवत नाहीत. नावं सुचवायची मुभा असेल, तर ज्यांच्याशी आपलं काम अडतं त्यांची नावं आधी लिहा.

आता एका उत्पादन विभागप्रमुखाचा अहवाल समोर आहे असं धरू. ‘निर्णयाआधी आमचं म्हणणं ऐकून घेतात’ या विधानाला त्यांनी स्वतःला ५ गुण दिले, वरिष्ठांनी ४, बरोबरीच्यांनी सरासरी ३.८ आणि पाच कनिष्ठांनी २.८. इथे छातीत धस्स होतं. पण सरासरीखालचे सुटे गुण पाहा: ४, ४, ४, १, १. म्हणजे २.८ हे एकाचंही मत नाही. तिघं समाधानी आहेत, दोघांचं ऐकलंच जात नाही.

ते दोघं हात आखडून गुण देणारे असतील का? तेही तपासता येतं. ‘काम नीट समजावून सांगतात’ या विधानाला त्याच पाच जणांचे ४.४ आहेत आणि ४ च्या खाली एकही गुण नाही. म्हणजे तक्रार माणसाबद्दल नाही, ऐकण्याबद्दलच आहे. शेऱ्यांतही ‘बोलताना मध्येच तोडतात’ असं असेल, तर दुवा जुळला. ज्या एकट्या कडवट शेऱ्याला कुठल्याच आकड्याचा आधार नाही, तो तूर्त बाजूला ठेवा.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो: ते दोघं कोण, याचा शोध सुरू होतो. भाषेवरून ओळखायचा प्रयत्न होतो, आणि हे विभागाला कळलं की पुढच्या वर्षी सगळ्या रकान्यांत ४ येतात. अशा अहवालाचा मग काडीचाही उपयोग उरत नाही.

त्याऐवजी अहवाल दोन दिवस मिटून ठेवा आणि मग पाचही जणांना एकत्र बसवा. त्यांचे आभार माना, ‘ऐकून घेण्यात मी कमी पडतो असं दिसतंय’ एवढंच सांगा आणि ते कोणत्या वेळी घडतं हे विचारा. वॉकर आणि स्मिदर यांनी व्यवस्थापकांचा पाच वर्षं मागोवा घेऊन १९९९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अहवालावर कनिष्ठांशी बसून बोललेल्या व्यवस्थापकांत न बोललेल्यांपेक्षा जास्त सुधारणा झाल्याचं त्यांना आढळलं.