कपाळावरची अक्षरं

(महिला गटांच्या अंकांचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी यवतमाळला झालेल्या शिबिरातील भाषण.)



अंकात काय छापायचं यावर आपण तासन् तास बोलतो. मुखपृष्ठ मात्र शेवटच्या दिवशी, छापखान्यात, उभ्या उभ्या ठरतं. फोटो आणि मथळे आपण देतो आणि "करा काहीतरी छान" म्हणून बस पकडतो. मीही अनेक वर्षं हेच केलं. एका अंकाच्या वेळी ते अंगाशी आलं. आज तेवढंच सांगणार आहे.

पांढरकवड्याकडच्या एका गावातल्या बाईचा फोटो आम्ही मुखपृष्ठावर घेणार होतो. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर ती वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे खेपा घालत होती. सात-बारावर नाव लागलं नव्हतं, म्हणून पीककर्ज मिळत नव्हतं. फोटो मी जवळ जाऊन काढला होता. चौकट भरून चेहराच होता आणि कपाळाच्या वर जेमतेम दोन बोटं जागा होती. डमी आली तेव्हा अंकाचं नाव तिच्या केसांवर होतं. "कर्जाने गिळले कुंकू" हा मोठा मथळा कपाळापासून गालापर्यंत आडवा, पिवळ्या अक्षरांत, लाल किनार लावून छापलेला होता. उरलेले सहा मथळे दुसऱ्या गालावर आणि हनुवटीवर होते. फोटोवर अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून डीटीपी करणाऱ्या मुलाने प्रत्येक ओळीमागे काळी सावली दिली होती. त्याची चूक नव्हती. अक्षरांना दुसरी जागाच आम्ही ठेवली नव्हती.

मी ती डमी तिला दाखवायला नेली. तिला वाचता येत नाही. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे माह्या कपायावर काऊन लिवलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नशीब कपाळावर लिहिलेलं असतं, असं बाईला जन्मभर ऐकवलं जातं. आम्ही ते छापून दाखवत होतो. डमी रद्द केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते कसं केलं, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मुखपृष्ठ कॉम्प्युटरवर नाही, फोटो काढतानाच ठरतं. आपला अंक १८ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच आहे. तेवढा कागद घेऊन मी त्यावर पेन्सिलने आखलं. वरचे ५ सेंटिमीटर अंकाच्या नावाला ठेवले. त्याखाली ६ ते १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात चेहरा, म्हणजे डोळे साधारण दहाव्या सेंटिमीटरला येतात. मोठा मथळा १६ सेंटिमीटरच्या खाली. कागद बरोबर घेऊनच फोटो काढायला गेले. उभा फोटो घेतला आणि आधीपेक्षा तीन पावलं मागे सरकले, म्हणजे पदराच्या वर मोकळी भिंत आली. तिला अंगणात उन्हात उभं न करता दाराच्या सावलीत उभं केलं. उन्हात डोळे बारीक होतात, आणि डोळ्यांखाली काळं पडतं. मागे निळीने सारवलेली साधी भिंत होती. अक्षरांना अशीच शांत जागा लागते. कुडाच्या भिंतीवर, झाडाच्या पानांवर किंवा फुलाफुलांच्या साडीवर कुठलंच अक्षर नीट उठून दिसत नाही, मग सावल्या आणि किनारी द्याव्या लागतात. सावली लावावीशी वाटली की समजावं, जागा चुकली आहे.

तिला फोटोत डाव्या बाजूला घेतलं आणि ती किंचित उजवीकडे पाहत होती. वाचणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते, आणि तो चेहरा जिकडे पाहतो तिकडे वळते. म्हणून मोकळी जागा आणि मोठा मथळा तिच्या नजरेच्या बाजूला ठेवायचा. मथळा तिच्या पाठीमागे गेला, तर ती पानाबाहेर पाहते आणि आपले शब्द मागे बोलत राहतात.

हा फोटो पहिल्यांदा छापखान्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तिथे तो फुटला. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या चांगल्या छपाईला सुमारे २१०० बाय २८०० पिक्सेल तरी लागतात, आणि कडा कापल्या जातात म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा फोटोही लागतो. तेव्हा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी.

आता अंकाचं नाव. शहरातल्या मोठ्या मासिकांत डोकं नावावर चढलेलं आपण पाहतो. अर्धं नाव झाकलं तरी ते मासिक ओळखू येतं, कारण वाचकाला नाव पाठ असतं. आपलं नाव अजून पाठ झालेलं नाही. शिवाय देवनागरीत डोकं खालून येतं आणि अक्षराचा खालचा भाग झाकतं. ट, ठ, ढ, द यांची ओळखच खालच्या वळणात आहे, आणि उकार तर पूर्ण जातो. म्हणून आम्ही नाव झाकलं नाही. पदराची कड आणि नाव यांत एक सेंटिमीटर अंतर ठेवलं. आणि दर अंकाला नावाचं वळण बदलायचं नाही हेही ठरवलं. रंग बदलेल, जागा आणि वळण तेच राहील.

मग मथळे. सातपैकी तीन ठेवले. चार अनुक्रमणिकेत गेले. ज्यांचे लेख मुखपृष्ठावरून गेले त्या मैत्रिणी रुसल्या, हे खरं आहे. पण सात मथळे म्हणजे सात जणी एकदम बोलायला लागल्यासारखं होतं, आणि मधे उभी असलेली बाई ऐकू येत नाही. तिन्हींतही एकच मोठा. तो ३६ पॉइंटचा घेतला, बाकीचे दोन १८ पॉइंटचे, अगदी तळाला एका ओळीत. सगळे एका मापाचे केले असते तर डोळा कुठेच थांबला नसता. मोठा मथळा दोन ओळींत होता. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना लागू नयेत म्हणून ओळींतलं अंतर ४८ पॉइंट ठेवलं. अक्षरं पांढरी, जाड. फोटोवर पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेली जागा. चार रंग एकावर एक छापताना एखादा केसभर सरकला की बारीक अक्षरात शाई भरते, आणि पहिल्यांदा जातात त्या मात्रा आणि रफार. तळाच्या बारीक ओळी म्हणूनच फोटोवरून काढल्या, साध्या पट्टीवर काळ्या छापल्या.

मधे एक चूक पुन्हा झाली होती. चेहरा मोकळा झाला म्हणून मथळा खाली घेतला, तर तो बरोबर तिच्या छातीवर आला. आमच्यातल्या एकीने बोट ठेवलं. बाईच्या छातीवर अक्षरं हीही आपली जागा नाही. मथळा बाजूच्या भिंतीवर नेला.

इथपर्यंत अक्षरांचं झालं. पण अक्षर चेहऱ्याला न शिवताही त्याच्याशी भांडू शकतं. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आयेशा या अफगाण मुलीचा फोटो होता. तिचं नाक आणि कान कापलेले होते. जोडी बीबर या छायाचित्रकार बाईने तो काढला, आणि मुलगी ताठ, थेट आपल्याकडे पाहते. शेजारी लिहिलं होतं की आपण अफगाणिस्तान सोडलं तर काय होतं. परंतु तिच्यावरचा तो अत्याचार अमेरिकी फौजा तिथे असतानाच झाला होता. तिने सोसलं, त्याचा मथळ्याने युद्धाच्या बाजूचा पुरावा केला. मांडणीत दोष काढता येणार नाही, तरी मथळ्याने तिचं तोंड बंद केलं.

आणि घरचं उदाहरण. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं आणि उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. त्या दिवशी त्या उद्घाटक होत्या. तरी त्यांच्या फोटोशेजारी आपण "शेतकरी विधवा" एवढंच लिहिलं, तर ते कपाळावर लिहिण्याहून वेगळं नाही. मथळ्याने चेहऱ्याच्या त्या वेळच्या कामाचं नाव घ्यावं.

आमच्या बाईला मी विचारलं, "तुमच्या फोटोशेजारी काय लिहू?" ती म्हणाली, "वावर माह्या नावावर करा म्हना." मथळा झाला : 'सात-बारावर माझं नाव लावा'. कुंकू गेलं, वावर आलं. त्यानंतर तिची नजर आणि मथळा एकच गोष्ट मागत होते.

डमी तपासायची आमची पद्धत आता अशी आहे. ती भिंतीला लावायची, सहा फुटांवर उभं राहून डोळे किलकिले करायचे. आधी डोळे, मग अंकाचं नाव, मग मोठा मथळा दिसला तर ठीक. आधी एखादा रंगीत ठिपका किंवा किनार दिसली, तर ती काढायची. मग तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढायची. रंगात वेगळं दिसणारं लाल अक्षर आणि हिरवी भिंत झेरॉक्सवर सारखीच करडी होतात. तिथे अक्षर बुडालं तर रंगावर भिस्त ठेवू नये. शेवटी डमी जिचा फोटो आहे तिला दाखवायची, आणि मथळा वाचून दाखवायचा. फोटोला दिलेला होकार मथळ्यालाही आहे असं धरू नका.

एक मर्यादा मात्र आहे. बलात्कारासारख्या प्रकरणात तिची ओळख छापणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. तिथे डोळ्यांवर काळी पट्टी मारून चेहरा छापू नका. गाव तिला पट्टीसकट ओळखतं, आणि अनोळखी माणसाला ती आरोपीसारखी दिसते. अशा वेळी चेहराच नको. हात, दार, विळा, कागदांची पिशवी चालेल.

तो अंक निघाला तेव्हा तिने पाच प्रती मागून घेतल्या. एक घेऊन ती तलाठ्याकडे गेली आणि टेबलावर ठेवली. फेरफार त्या दिवशी झाला नाही. पण मथळा तिला वाचता येत नसला, तरी तिथे तो तिचाच होता, आणि तो काय म्हणतो ते तिने टेबलापुढे तोंडी सांगितलं.