मोबाईलवरचा योगगुरू



आजचा आपला विषय थोडा नव्या धाटणीचा आहे. नोकरीतून किंवा कामधंद्यातून मोकळे झालेले पुष्कळ लोक हल्ली मोबाईलवर अ‍ॅप घेतात आणि त्यात बघून घरीच योगासने करतात. गावात शिकवणारा कुणी नसतो. तालुक्याला रोज कोण जाणार? म्हणून हा मोबाईलवरचा गुरू. तो पहाटे उठवतो, आसन करून दाखवतो, आकडे मोजतो. फी घेत नाही, किंवा थोडीच घेतो.

पण या गुरूत एक उणीव आहे. आपण त्याला बघतो, तो आपल्याला बघत नाही. आपला गुडघा दुखतो, हे त्याला ठाऊक नाही. आपण वाकडे उभे आहोत, हे त्याला दिसत नाही. शाळेत मास्तर फळ्यावर गणित करून दाखवतो, तेवढ्याने मुलाला गणित येत नाही. मास्तर पाटी तपासतो तेव्हा चूक कळते. अ‍ॅप फळा दाखवते, पाटी आपली आपण तपासायची. ती कशी तपासायची, तेवढेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, ते अ‍ॅप कुणासाठी केले आहे ते बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकारचे आयुष मंत्रालय यांनी मिळून एक योगाचे अ‍ॅप केले. २१ जून २०२१ रोजी, योगदिनी, ते जाहीर झाले. नाव एमयोगा. ते १२ ते ६५ वर्षांच्या माणसांसाठी आहे, असे तेव्हाच सांगितले होते. आता तुमचे वय ७० असेल, तर त्यातले सगळे आपल्यासाठीच आहे असे समजून चालणार नाही. कुठलेही अ‍ॅप घ्या, त्यात खुर्चीवर बसून करायचे व्यायाम किंवा वयस्कांसाठी निराळा भाग आहे का, ते आधी शोधा. तिथूनच सुरुवात करा.

दुसरी गोष्ट, आधी नुसते बघा. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून पूर्ण पाठ बघावा आणि ऐकावा. हातपाय हलवू नयेत. दुसऱ्या दिवशी करावा. याचे कारण साधे आहे. मोबाईल जमिनीवर ठेवून आसन करताना माणूस सारखी मान वळवून पडद्याकडे बघतो. आसन राहते बाजूला आणि मान आखडते. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर, फळीवर किंवा कोनाड्यात टेकवून ठेवा. पाठ माहीत झाला की बघायचे सोडा, नुसते ऐका. आवाज पुढे धावू लागला तर पडद्यावर बोट लावा, दोन उभ्या रेघा दिसतील. त्या दाबल्या की गुरुजी थांबतात. आपला श्वास पुरा होईपर्यंत त्यांना खुशाल थांबवून ठेवावे.

आता एक उदाहरण घेऊ. आमच्या ओळखीचे एक निवृत्त एस. टी. चालक आहेत. वय ६७. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी अ‍ॅपमध्ये बघून पादहस्तासन सुरू केले. उभे राहून पुढे वाकायचे आणि हात पायांशी न्यायचे, असे ते आसन. पडद्यावरच्या तरुणाचे तळवे जमिनीला टेकत. यांनीही गुडघे ताठ ठेवून नेट लावला. हात नडगीपर्यंत गेले. पण चार दिवसांत कंबर धरली, आणि वर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

असे का झाले? मांडीच्या मागची शीर, म्हणजे तिथले स्नायू, बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. वर्षानुवर्षे बसून काम केले की ते आखडतात. मग पुढे वाकताना ते बैठकीला मागे खेचून धरतात, खुबा वळत नाही. तरी आपण नेट लावला तर वाकते काय? कंबर! पाठीची कमान होते आणि सगळा ताण मणक्यांवर येतो. डोके खाली करून झटकन वर आले की रक्तदाबही क्षणभर उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला घेरी येते ती त्यामुळे.

त्यांनी आठ दिवस विसावा घेतला, डॉक्टरांना विचारले, आणि मग हेच आसन भिंतीशी करू लागले. ते असे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहावे. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकावेत. हळूहळू दोन पावले मागे सरावे आणि खुब्यातून वाकावे, जणू मागच्या बाकावर बसायला निघालो आहोत. गुडघे किंचित सैल ठेवावेत. डोके दोन हातांच्या मध्ये राहील, छातीच्या खाली जाणार नाही. मांडीच्या मागे ओढ जाणवली की तिथेच थांबावे. पाच संथ श्वास घ्यावेत. हिसके देऊ नयेत. मग पावले पुढे घेत सावकाश सरळ व्हावे. असे तीन वेळा.

पाठ सरळ आहे हे कसे कळावे? काठीने. आपण वाकलेले असताना नातवाला पाठीवर लांब काठी आडवी नव्हे, उभी ठेवायला सांगावी. ती डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला, अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. डोक्यापासून सुटली तर मान लोंबते आहे. माकडहाडापासून सुटली तर कंबर गोल झाली आहे. मग थोडे वर यावे, काठी पुन्हा टेकते. तेवढेच आपले वाकणे. काठीने पाटी तपासून दिली की नाही?

चालकांचे हात आजही जमिनीला लागत नाहीत. पण दोनेक महिन्यांत खाली वाकून चपलेचा पट्टा लावणे त्यांना सोपे झाले. आसन कशासाठी करायचे, तर यासाठी.

हीच तपासणी बाकीच्या आसनांना तीन खुणांनी करावी. पहिली खूण श्वासाची. आसनात असताना एक वाक्य सहज बोलता आले पाहिजे. श्वास अडला किंवा दात दाबले गेले, तर जास्त झाले. दुसरी खूण दुखण्याची. स्नायूच्या मध्यभागी ओढ लागली तर चालते. सांध्यात टोचले, किंवा पायात मुंग्या आल्या, तर लगेच सोडावे. तिसरी खूण दुसऱ्या दिवसाची. सकाळी अंग थोडे जड वाटले तर हरकत नाही. दुखणे दोन दिवस राहिले तर पुढच्या वेळी निम्मे करावे. छातीत दाबल्यासारखे झाले, तर मात्र थांबावे आणि तडक दवाखाना गाठावा.

खुर्ची वापराल तर तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. एका पायावर उभे राहायचे असेल तर एक हात भिंतीवर असू द्या.

काही लोकांनी अ‍ॅपचे ऐकण्याआधी डॉक्टरांचे ऐकावे. डोळ्यांत काचबिंदू असेल तर डोके खाली करण्याची आसने करू नयेत, डोळ्यातला दाब वाढतो. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून वाकणे टाळावे, मणका दबून मोडू शकतो. गुडघा बदलला असेल तर वज्रासनाचा हट्ट नको.

पडद्यावरचा माणूस किती वाकला हे मोजू नका. काठी तीन ठिकाणी टेकली का आणि श्वास मोकळा आहे का, एवढे बघा. आमचे सांगणे संपले. आता ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी पुढे यावे, त्या दोन उभ्या रेघा कुठे असतात ते दाखवतो.