मोफत मुदत संपताना

मोबाइलवर एखादं ॲप सात दिवस मोफत मिळतं आणि आठव्या दिवशी खात्यातून पैसे जातात. ते का जातात आणि कसे थांबवायचे, हे सगळं एकाच पडद्यावर लिहिलेलं असतं. तो पडदा आज आपण ओळीओळीने वाचू.

समजा, नाशिकच्या पंचवटीतल्या एका गृहिणीने ११ जूनला इंग्रजी संभाषण शिकवणारं ॲप घेतलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आठवड्याला फक्त २९ रुपये’. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘७ दिवस मोफत, नंतर वर्षाला १,४९९ रुपये’. दोन्ही खरं आहे, कारण १,४९९ ला ५२ आठवड्यांनी भागलं की साधारण २९ येतात. पण खात्यातून २९ जाणार नाहीत, वर्षाचे १,४९९ एकदम जातील. म्हणून आधी रक्कम किती दिवसांसाठी आहे ते पाहा.

आता १६ जूनला त्या ॲपचा सबस्क्रिप्शनचा पडदा उघडू. पहिली ओळ आहे, फ्री ट्रायल १८ जूनला संपते. दुसरी आहे, ऑटो-रिन्यू चालू. म्हणजे मुदत संपली की नूतनीकरण आपोआप होणार. तुम्हाला पुन्हा विचारलं जाणार नाही, कारण तुमची संमती ट्रायल सुरू करताना यूपीआय पिन टाकला, तेव्हाच घेतलेली आहे. त्या वेळी एखादा रुपया कापला गेला असेल, तर तो त्या संमतीच्या पडताळणीचा.

इथे बरेच जण ॲप मोबाइलमधून काढून टाकतात आणि विषय संपला असं समजतात. तसं नाही. ॲप काढलं तरी वर्गणी चालूच राहते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ आणि मग ‘सबस्क्रिप्शन्स’ निवडा. तिथे ते ॲप दिसेल, त्यात ‘कॅन्सल’ करा. ॲप यादीत दिसलंच नाही, तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते मुलाच्या किंवा जुन्या ईमेलवरून घेतलेलं असतं. ते खातं निवडून पुन्हा पाहा. पैसे थेट कंपनीच्या संकेतस्थळावर भरले असतील, तर मात्र तिथेच जाऊन रद्द करावं लागतं.

रद्द झालं की नाही, हे तारखेशेजारच्या शब्दावरून ओळखा. आधी तिथे ‘रिन्यूज’ असतं, म्हणजे नूतनीकरण होणार. रद्द केल्यावर ‘एक्स्पायर्स’ किंवा ‘कॅन्सल्ड’ येतं. तो शब्द दिसेपर्यंत काम झालं असं मानू नका. दिसला की पडद्याचा फोटो काढून ठेवा. प्ले स्टोअरवर आधी रद्द केलं तरी उरलेले मोफत दिवस सहसा मिळतात, त्यामुळे शेवटच्या रात्रीपर्यंत थांबण्यात फायदा नाही. आयफोनवर तर मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं.

यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ हा वेगळा भाग असतो. तिथे बँकेला दिलेली परवानगी दिसते, तिला मँडेट म्हणतात. त्यावर ‘अप टू’ लिहून जी रक्कम असते, ती कमाल मर्यादा असते; तेवढे पैसे कापले जातीलच असं नाही. हे मँडेट यूपीआय पिन टाकून रद्द करता येतं. पण क्रम लक्षात ठेवा. आधी वर्गणी रद्द करा, मग मँडेट. नुसतं मँडेट बंद केलं, तर पैसे जाणार नाहीत, पण कंपनीच्या नोंदीत वर्गणी चालू राहून थकबाकीचे निरोप येत राहू शकतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळायला हवी. आपल्या उदाहरणात ती १७ जूनपर्यंत येईल. तिच्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. मात्र त्यातल्या अनोळखी लिंकवर जाऊन पिनही टाकू नका. रद्द करायला नेहमी स्वतः प्ले स्टोअर किंवा यूपीआय ॲप उघडा.

आणि पैसे गेलेच तर? प्ले स्टोअरवरच्या खरेदीसाठी ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याची विनंती करा. तो मिळेलच अशी खात्री नाही, पण उशीर केला तर शक्यता आणखी कमी होते. रद्द करण्याचा पर्यायच लपवलेला असेल किंवा मोफत सेवेसाठी बळजबरीने पैसे कापण्याची परवानगी घेतली असेल, तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा म्हटलं आहे. अशा वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तेव्हा काढून ठेवलेला तो फोटो आणि बँकेचा संदेश तुमच्या हाताशी असू द्या. तिथे दाद लागली नाही, तर नाशिकमध्ये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही मोकळा आहे.