बिल वटवायचं म्हणजे काय करायचं?

(कवठे महांकाळ येथे गटांच्या अध्यक्ष, सचिव व उद्योग करणाऱ्या सदस्यांच्या बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)

सगळ्या लांबून आलात, आणि बऱ्याच जणींना साडेचारची एसटी गाठायची आहे. म्हणून आज एकच विषय घेते. माल दिला, बिल दिलं, आणि पैसे तीन महिन्यांनी येणार, अशा वेळी मधले तीन महिने काय करायचं?

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका गटाला बेदाण्याच्या पाकिटांची मोठी ऑर्डर मिळाली. बेदाणा निवडायचा, देठ काढायचे, पाव किलोची पाकिटं भरायची आणि पुण्याला पाठवायची. ऑर्डर मीच जुळवून दिली होती, त्यामुळं मला फार आनंद झाला होता. कागदावर खाली बारीक अक्षरात '90 दिवस' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि पुढं गेले. नव्वद दिवसांचे एकशे चाळीस झाले. मधे बेदाण्याचा हंगाम आला. शेडवरचा माल रोखीनं घ्यावा लागतो, थांबला तर भाव चढतो. गटाच्या कोषाध्यक्ष काकूंनी गळ्यातलं गहाण ठेवलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, माल विकला म्हनताय, मग पैसं कुटं हाईत?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मी नंतर शिकले, आज तेच सांगते.

तुमच्या आजोबांच्या तोंडी 'हुंडी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हुंडी दोन प्रकारची असायची. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे मिळायचे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवशी मिळायचे. मुदती हुंडी हातात आहे, पण पैसे आजच पाहिजेत, असं झालं की माणूस पेढीवर जायचा. पेढीवाला थोडी रक्कम कापून उरलेले पैसे आजच द्यायचा आणि मुदत भरल्यावर पूर्ण रक्कम स्वतः वसूल करायचा. बिल डिस्काउंटिंग म्हणजे हेच. शब्द इंग्रजी आहे, काम जुनंच आहे. आपण त्याला बिल वटवणं म्हणू.

आता फळ्यावर हिशेब मांडू. आकडे सोपे धरलेत. 2,000 पाकिटं, दर 100 रुपये, म्हणजे बिल 2,00,000 रुपयांचं. बेदाणा, पाकीट, मजुरी आणि वाहतूक वजा करून गटाला 24,000 रुपये राहतात. मुदत 90 दिवस. माल पोचून गिऱ्हाईकानं बिल मान्य करेपर्यंत 10 दिवस गेले, उरले 80. वटवणाऱ्यानं वर्षाला 12 टक्के दर लावला. दोन लाखांवर 12 टक्के म्हणजे वर्षाचे 24,000. त्याला 365 नं भागायचं आणि 80 नं गुणायचं. येतात साधारण 5,260 रुपये. तेवढे कापून 1,94,740 रुपये आज गटाच्या खात्यात येतात. नफा 24,000 वरून 18,740 वर येतो. थोडी फी वेगळी असते, ती आधीच विचारून घ्यायची.

आता काकूंचा मार्ग बघा. तेच दोन लाख बाहेरून महिना 3 टक्क्यांनी घेतले, तर 80 दिवसांचं व्याज 16,000 होतं. हातात उरतात 8,000. आणि गिऱ्हाईकानं 90 ऐवजी 140 दिवस लावले, तर व्याज 130 दिवसांचं पडतं. ते होतं 26,000. म्हणजे नफा तर गेलाच, वर 2,000 पदरचे गेले. पाकिटं भरणाऱ्या बायका तर समजत होत्या की धंदा चांगला चाललाय.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कोण बिल वटवून देणार? आमच्याकडं तारण काय आहे? हा प्रश्न बरोबर आहे, आणि यातच खरी गंमत आहे. बिल वटवणारा तुमच्यापेक्षा पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाकडं जास्त बघतो. गिऱ्हाईक मोठी, नावाजलेली कंपनी असेल, तर तिच्या पतीवर तुम्हाला पैसे मिळतात.

यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणाऱ्या ऑनलाइन पेढ्या आहेत. त्या व्यवस्थेला 'ट्रेड्स' म्हणतात. आरएक्सआयएल, एम-वन एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट या तिघी 2017 साली सुरू झाल्या. तिथं काम असं चालतं. तुम्ही बिल चढवता. गिऱ्हाईक कंपनी तिथंच ते मान्य करते. मग वेगवेगळ्या बँका त्या बिलावर बोली लावतात, आपल्या बेदाण्याच्या सौद्यासारखी. फरक इतकाच की सौद्यात चढा भाव बघतो, इथं उतरता व्याजदर बघायचा. तुम्ही एक बोली पसंत केली की साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात येतात. मुदत भरली की कंपनी थेट त्या बँकेला पैसे देते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कंपनीनं त्या दिवशी पैसे दिले नाहीत, तरी बँक तुमच्या मागं येत नाही. ते तिचं आणि कंपनीचं भांडण.

गावातल्या किंवा तालुक्याच्या बँकेत बिल वटवलं तर बहुतेक वेळा असं नसतं. तिथं गिऱ्हाईकानं बुडवलं, तर बँक तुमच्याकडून वसूल करते. शिवाय बिलाची पूर्ण रक्कम न देता काही भाग मार्जिन म्हणून मागं ठेवते. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: "गिऱ्हाईकानं पैसे दिले नाहीत, तर कोण भरणार?" साहेबांनी उत्तर फिरवलं तर समजायचं, आपण भरणार.

ट्रेड्सची मोठी अडचणही सांगते, नाहीतर उद्या सगळ्या मोबाइल घेऊन बसाल. गिऱ्हाईक तिथं नोंदलेलं नसेल, तर काहीच होत नाही. सरकारी कंपन्या आणि 250 कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंद करणं सरकारनं बंधनकारक केलंय. आधी ही मर्यादा 500 कोटी होती. पण नोंद केली म्हणजे तुमचं बिल मान्य करतीलच असं नाही, आणि लहान बिलावर बोली येईलच असंही नाही. सांगलीच्या पेठेतला किराणा व्यापारी तर तिथं नसणारच. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारायचं, "तुम्ही ट्रेड्सवर आहात का, आमचं बिल तिथं घ्याल का?" माल गेल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरी अडचण आपल्या बाजूची आहे, कागदांची. यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती udyamregistration.gov.in या सरकारी साइटवर होते आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर द्यायचे नाहीत. गटाच्या नावानं नोंद करायची तर गटाचं पॅन कार्ड लागतं, आणि बऱ्याच गटांकडं नुसतं बँक पासबुक असतं. एका सदस्याच्या नावानं नोंद केली, तर बिल, बँक खातं आणि पॅन तिघांवर तेच नाव पाहिजे. बिल गटाच्या नावानं आणि खातं अध्यक्षाच्या नावानं असेल, तर तिथंच अडकतं. नोंद करताना कामही नीट लिहायचं. तुम्ही माल निवडून, प्रक्रिया करून पॅक करता, तर तेच लिहा. 'व्यापार' लिहिलं तर आता मी सांगते त्या कायद्याचा आधार मिळत नाही.

तो कायदा 2006 चा आहे, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा. त्यात म्हटलंय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. करार नसेल तर 15 दिवसांत. म्हणजे त्या कागदावरचे '90 दिवस' कायद्यापुढं टिकत नव्हते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2023-24 या वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर गिऱ्हाईकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत हिशेबात वजा करता येत नाही. त्यामुळं त्यांचे सीए आता स्वतः विचारतात, तुमचा उद्यम नंबर काय? तो नंबर बिलावर छापा. तक्रार करायची झाली तर ती सुविधा परिषदेकडं जाते. पण खरं सांगू का? चालू गिऱ्हाईकावर तक्रार केली की पुढची ऑर्डर बहुतेक जाते. म्हणून मी आधी ट्रेड्सचं विचारते, मग 45 दिवसांचं, आणि तक्रार सगळ्यात शेवटी.

आता ज्या कागदावर सगळं अडतं, तो बघू. माल मान्य झाल्याची पावती. आपल्या त्या ऑर्डरचं चलन मी नंतर काढून बघितलं. त्यावर ट्रकवाल्याची सही होती, गोदामवाल्याची नव्हती. दीड महिन्यानं कंपनी म्हणाली, 60 पाकिटांत ओलसरपणा होता. आता कुठली 60, कधी बघितली, कुणी बघितली? आमच्याकडं उत्तर नाही. आणि बिल मान्य झालेलं नसलं, की कुठलीही बँक ते वटवत नाही. म्हणून माल उतरताना नग मोजून, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा, त्याचा फोटो त्याच दिवशी गटाच्या ग्रुपवर टाकायचा. तक्रार असेल तर आठ दिवसांत लेखी सांगा, असं ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्यायचं. आणि एकच बिल दोन ठिकाणी वटवायचं नाही. ती फसवणूक होते, भले आपण भाबडेपणानं केलं तरी.

आणखी एक. गटाचं बँक कर्ज 7 टक्क्यांनी मिळत असेल आणि त्यात अजून जागा शिल्लक असेल, तर बिल 12 टक्क्यांनी वटवायची काही गरज नाही. आधी स्वस्त पैसा वापरायचा. कर्ज भरलेलं असेल, किंवा पैसे सदस्यांच्या दुसऱ्या गरजांसाठी ठेवायचे असतील, तेव्हा बिल वटवायचं. आणि मुदत मोठी आहे हे माहीत असेल, तर तो खर्च दरातच धरायचा. आपल्या हिशेबात 5,260 ला 2,000 पाकिटांनी भागलं तर पाकिटामागं 2 रुपये 63 पैसे येतात. दर 100 सांगण्याआधी हे मनात पाहिजे. "रोख दिलंत तर 100, नव्वद दिवसांनी दिलंत तर 103," असं म्हणायला लाज वाटायचं कारण नाही. पेठेत प्रत्येक व्यापारी असंच बोलतो.

काकूंचं गळ्यातलं गेल्या दिवाळीत सुटलं. आता त्या ऑर्डरचा कागद माझ्या आधी स्वतः वाचतात, आणि खालची बारीक अक्षरं मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतात.

पुढच्या बैठकीला ज्या गटांची उधारी तीस दिवसांच्या वर गेली आहे, त्यांनी बिलबुक, चलनं आणि गटाचं पॅन कार्ड घेऊन या. पॅन नसेल तर गटाच्या ठरावाची प्रत आणा, अर्ज तिथंच भरू.