डॉक्टरांच्या चिठ्ठीतले अठ्ठावीस दिवस



लोणार तालुक्यातल्या आपल्या सुलतानपुरात एखाद्या खासगी शाळेत किंवा पतसंस्थेत नोकरी करणारी बाई डोळ्यांपुढे आणा. पहिलंच बाळंतपण, अपेक्षित तारीख 10 जून. 18 मार्चला, म्हणजे अठ्ठावीस आठवडे भरलेल्या दिवशी, तपासणीत बीपी 150/100 येतं. चार तासांनी पुन्हा मोजलं तरी तेवढंच. पायांवर सूज आहे आणि लघवीत प्रथिनं जातात. याला आम्ही प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतो. बीपी 160/110 वर गेलं, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीखाली पोटात दुखू लागलं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, कारण पुढची पायरी झटक्यांची असते.

अशा वेळी नातेवाईक डॉक्टरांना म्हणतात, ‘ऑफिससाठी एक चिठ्ठी द्या.’ आणि गर्दीच्या ओपीडीत बहुतेकदा एकच ओळ लिहिली जाते: ‘विश्रांतीची गरज आहे.’ त्या ओळीने बाईचं नुकसान होतं. कसं, ते सांगते.

1961च्या मातृत्व लाभ कायद्याने, 2017च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. मात्र ती अपेक्षित तारखेच्या जास्तीत जास्त 8 आठवडे आधी सुरू करता येते. आपल्या बाईच्या बाबतीत तो दिवस 15 एप्रिल. मग 18 मार्च ते 14 एप्रिल हे अठ्ठावीस दिवस कुठून आणायचे? त्यासाठी याच कायद्याच्या दहाव्या कलमात वेगळी तरतूद होती: गरोदरपणातून, बाळंतपणातून किंवा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीतून आजार उद्भवला, तर नेहमीच्या रजेखेरीज जास्तीत जास्त एक महिना, तोही पगारी. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पुरावा मात्र द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे डॉक्टरांचं पत्र.

‘विश्रांती’ एवढंच लिहिलं, तर कार्यालय ते दिवस बिनपगारी धरतं. नाहीतर प्रसूतीची रजाच 18 मार्चपासून मोजायला घेतं. मग 13 ऑक्टोबरला संपणारी रजा 15 सप्टेंबरलाच संपते. या आजारात बाळ बरेचदा लवकर जन्माला घालावं लागतं. समजा, चौतीस आठवडे भरताच, 29 एप्रिलला प्रसूती झाली. बाळ लहानखुरं, काही दिवस काचेच्या पेटीत, मग छातीशी धरून वाढवायचं. अशा बाळाच्या आईचे अठ्ठावीस दिवस एका ओळीपायी जातात, याची मला खरोखर चीड येते.

म्हणून पत्र असं असावं:

‘प्रति, व्यवस्थापक. आपल्या कर्मचारी श्रीमती अमुक यांना मी आज, 18 मार्च रोजी तपासले. प्रसूतीची अपेक्षित तारीख 10 जून आहे. त्यांना गरोदरपणातून उद्भवलेला गंभीर आजार असून रोज बीपी मोजणे, वारंवार रक्ततपासणी करणे व रुग्णालयाजवळ राहणे आवश्यक आहे. त्यामुळे 18 मार्च ते 14 एप्रिल या काळात त्या कामावर येऊ शकत नाहीत. ही रजा गरोदरपणातील आजारासाठीची असून प्रसूती रजा 15 एप्रिलपासून स्वतंत्रपणे मोजावी, अशी शिफारस आहे.’

खाली सही, शिक्का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि पत्र दिल्याची खरी तारीख. मागची तारीख कोणी घालू नये, रुग्णानेही तसा आग्रह धरू नये. पत्रात आजाराचं नाव नाही, ते मुद्दाम. ते कळवायचं की नाही हे बाईने ठरवायचं. ‘पूर्ण बेड रेस्ट’ असंही मी लिहीत नाही, कारण नुसतं पडून राहिल्याने हा आजार बरा होत नाही. इथे धोका अंतराचा आहे. बीपी अचानक चढलं, तर सुलतानपूरहून मेहकरला किंवा बुलढाण्याला पोचायला वेळ लागतो.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. हा महिना एकदाच मिळतो. तो प्रसूतीआधी वापरला, तर ऑक्टोबरात बीपीचा त्रास उरला असला तरी हक्क म्हणून दुसरा महिना मागता येत नाही. तेव्हा डॉक्टरांचं पत्र ही मालकाला केलेली विनंतीच ठरते. शिवाय दुकान किंवा कार्यालय असेल तर तिथे दहा तरी कर्मचारी हवेत, आणि अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत बाईचं 80 दिवस काम झालेलं हवं. या अटी पुऱ्या होत असतील, तर या रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही, तशी नोटीसही देता येत नाही.

पत्राच्या दोन प्रती घ्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. बाई दवाखान्यात असेल, तर हे काम नवऱ्याने किंवा भावाने त्याच दिवशी करावं.