टरफलाचा रंग आणि अंड्याचे सत्त्व



आजच्या व्याख्यानाचा विषय रोजच्या बाजारातला आहे. किराणा दुकानात पांढऱ्या अंड्यांच्या ट्रेशेजारी तपकिरी अंडी ठेवलेली असतात आणि त्यांचा भाव बराच चढा असतो. घरात लहान मूल असेल, कोणी आजारातून उठत असेल किंवा गरोदर बाई असेल, तर हात आपसूक तपकिरी अंड्याकडे जातो. त्यात ताकद जास्त, हा समज इतका मुरलेला आहे की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटत नाही. तो तपासायचा तर सुरुवात बाजारातून न करता कोंबडीच्या पोटातून केली पाहिजे. अंडे कोणत्या क्रमाने तयार होते हे एकदा कळले की रंगाचा आणि पोषणाचा संबंध कितपत आहे ते आपोआप उलगडते.

अंड्याचा सर्वांत सकस भाग म्हणजे पिवळा बलक. तो अंडाशयात तयार होतो आणि त्याची बहुतेक वाढ शेवटच्या दहा-एक दिवसांत होते. कोंबडी जे खाते त्यातले स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि रंगद्रव्ये यकृतामार्गे रक्तातून बलकात जमा होतात. पूर्ण वाढलेला बलक सुटून अंडनलिकेत उतरला की पुढचे काम साधारण पंचवीस तासांचे असते. पहिल्या तीन तासांत त्याभोवती पांढऱ्या बलकाचे थर चढतात. नंतर तासा-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात. उकडलेले अंडे सोलताना टरफलाला चिकटून येतो तो हाच पापुद्रा. त्यानंतर अंडे कवचग्रंथीत येते आणि तिथे सुमारे वीस तास राहते. या मुक्कामाच्या सुरुवातीला पापुद्र्यातून थोडे पाणी आणि क्षार आत शिरतात. बाकीचा सगळा वेळ बाहेरून चुन्याचे कवच चढण्यात जातो. तपकिरी रंग येतो तो अगदी शेवटच्या काही तासांत, कवच जवळजवळ पुरे झाल्यावर. म्हणजे प्रथिने, चरबी आणि जीवनसत्त्वे आत बंद झाल्यानंतर हा रंग चढतो. बंद झालेल्या पाकिटावर बाहेरून शिक्का मारल्याने आतला मजकूर बदलत नाही, तसेच हे आहे.

हे घरीही पाहता येते. तपकिरी अंडे फोडून टरफल आतून पाहा, ते जवळजवळ पांढरेच दिसेल. अंडे थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून चोळले तर वरचा तपकिरी थर निघू लागतो आणि खालून पांढरे कवच दिसते. या रंगद्रव्याचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. आपल्या रक्तातल्या हीमशी त्याचे जवळचे नाते आहे, म्हणून तपकिरी अंड्यात लोह जास्त असणार असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण हीममधले लोह वगळले की जे उरते ते प्रोटोपॉर्फिरिन. ते लोहाविनाच कवचावर बसते, आणि कवच तर आपण खातही नाही.

रंग ठरतो कोंबडीच्या जातीवरून. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी घालते आणि आपल्याकडच्या पोल्ट्रीत बहुतांशी तिच्यापासून तयार केलेल्या जातीच असतात. ऱ्होड आयलंड रेड तपकिरी अंडी घालते. आपल्या गावठी कोंबड्यांची अंडी सहसा फिकट बदामी असतात. काळ्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या कडकनाथचे अंडेदेखील काळे नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तपकिरी अंडी घालणारी कोंबडी वयाने वाढत जाते तशी तिची अंडी मोठी आणि फिकट होत जातात, कारण साधारण तेवढेच रंगद्रव्य जास्त मोठ्या पृष्ठभागावर पसरते. तिचे खाद्य तेच असते. गडद रंग हे ताकदीचे माप असते, तर या फिकट अंड्यांना आपल्याला कमकस म्हणावे लागले असते.

आता यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. गावरान अंड्याचा बलक गडद केशरी असतो, चव निराळी लागते; मग त्यात काहीच वेगळे नाही असे कसे म्हणता? त्यात फरक असू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली कुरणात चरणाऱ्या आणि पिंजऱ्यात वाढणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांची तुलना प्रसिद्ध केली. कुरणातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत ई जीवनसत्त्व सुमारे दुप्पट आणि ओमेगा-3 स्निग्धाम्ले दुपटीहून अधिक आढळली. पण हा फरक हिरव्या चाऱ्यातून आला, टरफलातून नाही. पांढरे अंडे घालणारी कोंबडी मोकळी चरली तर तिच्याही बलकात तो उतरेल. तपकिरी अंडे घालणारी कोंबडी पिंजऱ्यात नेहमीच्या खाद्यावर राहिली तर उतरणार नाही. अशा पिंजऱ्यातल्या तपकिरी कोंबड्या आज मोठ्या संख्येने पाळल्या जातात, त्यामुळे तपकिरी म्हणजे गावरान हे समीकरण मुळातच लंगडे आहे. बलकाच्या केशरी रंगाचेही असेच. तो मका, हिरवा पाला यांतल्या रंगद्रव्यांचा असतो आणि खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळून पोल्ट्रीतही तो आणता येतो. बलक केशरी म्हणून प्रथिने वाढत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की महाग आहे म्हणजे काहीतरी कारण असणारच. कारण आहे, पण ते पोषणाचे नाही. तपकिरी अंडी घालणाऱ्या व्यापारी जातींच्या कोंबड्या सहसा अंगाने मोठ्या असतात आणि जास्त खाद्य खातात. गावठी कोंबडी वर्षाला अंडीच कमी घालते. हा खर्च भावात येतो आणि ग्राहकाच्या श्रद्धेचीही त्यात भर पडते.

याचा हिशेब घालून पाहू. पोल्ट्रीचे पांढरे अंडे 55 ग्रॅमचे धरले आणि टरफल वगळले तर खाण्याजोगा भाग जवळपास 49 ग्रॅम राहतो आणि त्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. गावठी अंडे लहान असते. ते 40 ग्रॅमचे धरले तर खाण्याजोगा भाग 36 ग्रॅम आणि प्रथिने साधारण साडेचार ग्रॅम. समजा पांढरे अंडे सात रुपयांना आणि गावठी चौदा रुपयांना मिळते. बारा ग्रॅम प्रथिनांसाठी पांढरी दोन अंडी, म्हणजे चौदा रुपये पुरतात. गावठी अंडी तीन लागतील आणि बेचाळीस रुपये पडतील. ज्या घरात महिन्याच्या पैशांचे गणित कडक आहे, तिथे मुलाला रोज एकच तपकिरी अंडे देण्यापेक्षा त्याच पैशांत दोन पांढरी देणे केव्हाही अधिक पौष्टिक.

चवीसाठी, किंवा गावातल्या कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या हाती चार पैसे जावेत म्हणून गावरान अंडे घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, ती कारणे खरी आहेत. पोषणासाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर मात्र विक्रेत्याला कोंबडी मोकळी चरते का, खाद्यात जवसासारखे काही असते का आणि अंडी किती दिवसांची आहेत, एवढे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर जास्तीचे पैसे फक्त रंगाला जातात, आणि तो रंग आपण टरफलाबरोबर टाकून देतो.