सुटला की सोडला? क्षेत्ररक्षकाचा न्याय्य हिशेब



'झे. सोलकर गो. वेंकटराघवन 1'. ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलच्या कसोटीत, इंग्लंडच्या दुसऱ्या डावात, ॲलन नॉटच्या नावापुढे धावफलकात एवढंच लिहिलेलं आहे. त्या झेलाचं छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. बॅटच्या अगदी तोंडाशी उभे असलेले एकनाथ सोलकर पुढे झेपावले आहेत आणि चेंडू जमिनीला टेकायच्या आत हातात आहे. लाँग ऑनला हातात येऊन पडलेला सोपा झेलही धावफलकात याच दोन अक्षरांनी नोंदला जातो. आणि जो झेल सुटतो, त्याची तर नोंदच होत नाही.

मी तीस वर्षं क्लबच्या सामन्यांत गुणलेखन केलं. वहीत प्रत्येक चेंडूला एक चौकोन असतो. त्यात ठिपका पडतो, एक-दोन-चार पडतात, बळी पडला तर त्याची खूण पडते. कव्हरवरच्या मुलाने आडवं पडून अडवलेला चौकार त्या चौकोनात ठिपकाच असतो. म्हणून आज मी एकच प्रश्न घेऊन आलो आहे: क्षेत्ररक्षक किती चांगला, हे आकड्यांत सांगायचं असेल तर नेमकं काय मोजायचं?

सरळ उत्तर म्हणजे सामन्यांमागे झेल. सोलकरांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले, म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. यष्टिरक्षक सोडले तर इतकी सरासरी फार थोड्यांची आहे. ते थोर क्षेत्ररक्षक होते यात मला तिळमात्र शंका नाही. पण ही सरासरी एकट्या सोलकरांची नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांची फिरकी चालू असताना ते शॉर्ट लेगला उभे असत. चेंडू त्यांच्याकडे वारंवार यायचा. त्याच काळात थर्डमॅनला उभ्या असलेल्या माणसाला तेवढ्या संधी कुठून मिळणार? अजिंक्य रहाणेने 2015 मध्ये गॉलच्या कसोटीत आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूसाठी हा विश्वविक्रम होता. त्याच सामन्यात अश्विनने दहा बळी घेतले. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणजे भागायचं ते सामन्यांनी नाही, संधींनी. आलेल्या संधींपैकी किती झेलांत बदलल्या, हे शेकड्यात सांगायचं. इथे आपल्या भाषेतला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. आपण म्हणतो 'झेल सुटला', आणि आपणच म्हणतो 'झेल सोडला'. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात दोष आहे. नुसती टक्केवारी हा फरक करत नाही.

दोन खेळाडू घेऊ. हिशेब समजावा म्हणून आकडे मी मांडले आहेत. पहिल्याकडे हंगामात 20 संधी आल्या, त्याने 17 झेल घेतले. टक्केवारी 85. दुसऱ्याकडे 24 संधी आल्या, त्यानेही 17 घेतले, सात सुटले. टक्केवारी 71. कट्ट्यावर निकाल लागून जातो: दुसऱ्याचे हात लोण्याचे.

आता संधींचे तीन ढीग करू. सोप्या संधी साधारण क्षेत्ररक्षक शंभरात 95 वेळा पकडतो, मध्यम 70 वेळा, अवघड 25 वेळा. पहिल्याच्या वाट्याला 14 सोप्या, 5 मध्यम आणि 1 अवघड संधी आली. साधारण खेळाडूने यातून 17.05 झेल घेतले असते. त्याने 17 घेतले, म्हणजे तो बरोबर सरासरीवर आहे. दुसऱ्याला 8 सोप्या, 6 मध्यम आणि तब्बल 10 अवघड संधी मिळाल्या. साधारण खेळाडूकडून यात 14.3 झेलांची अपेक्षा होती. त्याने 17 घेतले. तो सरासरीपेक्षा 2.7 झेलांनी पुढे आहे. निकाल उलटा झाला.

त्याला दहा अवघड संधी का आल्या? नशीब हा एक भाग झाला. पण बऱ्याचदा त्या संधी त्यानेच निर्माण केलेल्या असतात. एका क्लब सामन्यातली गोष्ट मला आजही सलते. डीप मिडविकेटचा मुलगा दोनदा वीस पावलं धावत जाऊन चेंडूपर्यंत पोहोचला, बोटं लागली, झेल राहिले नाहीत. दुसऱ्या बाजूला उभा असलेला अनुभवी खेळाडू तशाच चेंडूंवर चार पावलं पुढे आला आणि टप्प्यावर चेंडू घेऊन परत फेकला. सामना संपल्यावर बोलणी खाल्ली ती त्या मुलाने. दुसऱ्याने एकही झेल 'सोडला' नव्हता, कारण तो पोहोचलाच नव्हता. म्हणून संधी कोणती, हे क्षेत्ररक्षकाच्या प्रयत्नावरून ठरवायचं नाही. चेंडू किती उंच गेला, किती वेळ हवेत होता आणि क्षेत्ररक्षक मुळात किती दूर उभा होता यावरून ठरवायचं. न धावलेल्या माणसाच्या खात्यावरही ती संधी पडली पाहिजे.

दुसरी चूक त्याहून लपलेली आहे. झेल सुटला की पाहणारा म्हणतो 'अवघड होता', पकडला की म्हणतो 'हातातच होता'. निकाल कळल्यावर अवघडपणा ठरवला की सगळा हिशेब नासतो. मी पुढे दुसरी वही ठेवली, तिच्यातली एक ओळ अशी आहे: '13.4, ऑफस्पिन, डीप मिडविकेट, उजवीकडे सात पावलं, दोन्ही हात, छातीच्या उंचीवर, सुटला, 1 धाव.' 'सोपा' किंवा 'अवघड' हा शब्द तिथे नाही. पावलं, हात, उंची एवढंच आहे, आणि ढीग हंगाम संपल्यावर त्यांवरून करायचे. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र नोंद करावी. दोघांच्या पावलांत वारंवार फरक पडला, तर नोंदीवर विश्वास ठेवू नये.

आता झेलाचं रूपांतर धावांत करू, कारण झेल आणि अडवलेला चौकार एकाच मापात आल्याशिवाय बेरीज होत नाही. 1990 मध्ये लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच 36 वर असताना यष्ट्यांमागे किरण मोरे यांच्याकडून झेल सुटला. गूच 333 पर्यंत गेला. तेव्हापासून त्या जीवदानाची किंमत 297 धावा म्हणून सांगितली जाते. हा अन्याय आहे. झेल सुटला त्या क्षणी समोर जो फलंदाज होता, त्याची कसोटीतली सरासरी 42.58 आहे. तो आणखी सुमारे तेवढ्या धावा करेल, एवढीच त्या क्षणी रास्त अपेक्षा होती. पुढच्या अडीचशे धावा गूचच्या आहेत आणि त्याला बाद न करू शकलेल्या बाकी सगळ्यांच्या आहेत.

चेंडूगणिक नोंदींमुळे ही किंमत नेमकी काढता येते. हजारो डावांतून एक तक्ता करायचा: इतके चेंडू उरले, इतके बळी गेले, तर संघ पुढे सरासरी किती धावा करतो. समजा, ट्वेंटी-20 च्या डावात 48 चेंडू उरले आहेत. तीन बळी गेले असताना सरासरी 72 धावा होतात, चार गेले असताना 63. तिथे बळीची किंमत 9 धावा झाली. झेल सुटला आणि एक धाव निघाली, म्हणजे पकडणं आणि सुटणं यांत 10 धावांचं अंतर. हा झेल साधारण खेळाडू शंभरात 70 वेळा घेतो. मग सुटला तर त्याच्या खात्यावर 7 धावा नावे टाकायच्या आणि पकडला तर 3 धावा जमा करायच्या. शंभरात 25 वेळाच पकडला जाणारा झेल सुटला तर नावे अडीच धावा, पकडला तर जमा साडेसात. या पद्धतीत साधारण खेळाडू वर्षाअखेर बरोबर शून्यावर येतो. शून्याच्या वर गेला तो संघासाठी खरोखर धावा वाचवतो.

जमिनीवरच्या चेंडूंना हाच नियम लागतो. त्या दिशेच्या, त्या वेगाच्या फटक्यावर सरासरी किती धावा जातात आणि प्रत्यक्षात किती गेल्या, हा फरक जमेला धरायचा. पण इथे माहितीच तोकडी पडते. क्रिकशीटवर हजारो सामन्यांच्या चेंडूगणिक फाइली फुकट मिळतात. त्यात बळी पडला तर `wickets` खाली `fielders` मध्ये झेल घेणाऱ्याचं नाव असतं. सुटलेला झेल तिथे नाही, चेंडू कोणी अडवला ते नाही, कोण कुठे उभा होता तेही नाही. ते सामन्याच्या लिखित वर्णनातून काढावं लागतं किंवा चित्रीकरण पाहून. नुसत्या धावांवरून कोणी 'वाचवलेल्या धावा' सांगत असेल, तर त्याला आधी विचारा, चेंडू कोणाकडे गेला हे तुला कुठून कळलं?

एक गोष्ट मात्र चित्रीकरणातूनही सहज हाती लागत नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये आपल्या ब्रेबोर्नवर जाँटी ऱ्होड्सने वेस्ट इंडिजविरुद्ध पाच झेल घेतले, ते धावफलकात आहेत. पण पॉइंटला तो उभा आहे म्हणून फलंदाजाने न घेतलेली धाव कुठे आहे? ती ठिपका होऊन गोलंदाजाच्या खात्यात जाते. तिचा अंदाज काढायचा तर तेच फलंदाज, तसाच फटका, पण पॉइंटला दुसरा खेळाडू, अशी तुलना करावी लागते. त्यासाठी खूप सामने लागतात.

आणि सामने कमी असले की आकडा फसवतो. मघाचा आपला दुसरा खेळाडू 2.7 झेलांनी पुढे होता. त्याच 24 संधींत निव्वळ योगायोगाने दोनेक झेल इकडचे तिकडे सहज होतात. म्हणून एका हंगामावरून मी त्याला थोर म्हणणार नाही. त्याचे हात लोण्याचे नाहीत, एवढं मात्र त्या आकड्यांवरून ठामपणे सांगेन. तीन हंगामांनंतरही तो पुढेच राहिला, तर संघनिवडीच्या बैठकीत त्याचं नाव त्या वहीसकट मांडावं.

सोलकरांच्या 53 झेलांच्या शेजारी त्यांच्याकडे आलेल्या संधींचा आकडा धावफलकात नाही, आणि तो आता तिथे लिहिता येणार नाही. या उन्हाळ्यात मैदानाकाठी तुमच्यापैकी जे कोणी वही घेऊन बसतील, त्यांना माझी विनंती आहे. झेल सुटला की पावलं, हात आणि उंची लिहा, आणि त्या ओळीत क्षेत्ररक्षकाचं नावही लिहा.